यादीत कोण नाही, ते आधी बघ

कंपनीचा अभ्यास करायला घेतलास की पहिला प्रश्न येतो, हिची तुलना कोणाशी करायची? इथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं. बँकेच्या कर्ज विभागात आणि निवृत्तीनंतरही मी हेच काम करत आले, म्हणून माझी पद्धत तुला सांगून ठेवते. त्यासाठी आपल्याला माहीत असलेली पेढी घेऊ: पुण्याची पी. एन. गाडगीळ ज्वेलर्स. ती सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. तिचं माहितीपत्रक सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतं.

सुरुवात वर्गीकरणापासून कर, पण कोणत्या वर्गीकरणापासून ते नीट ठरव. नवशिके बरेचदा कंपनीच्या सीआयएनमधला पाच आकडी उद्योग-क्रमांक उचलतात. हा क्रमांक बहुधा कंपनी नोंदली तेव्हाचा असतो. टायटनचा सीआयएन बघ: L74999TZ1984PLC001456. त्यातला 74999 हा ‘इतर संकीर्ण व्यवसाय’ छापाचा क्रमांक आहे. ज्या कंपनीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक धंदा दागिन्यांचा आहे, तिच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा एनएसई आणि बीएसई वापरतात ते चार पायऱ्यांचं वर्गीकरण घे. ते कंपनीला उत्पन्न मुख्यतः कुठून येतं यावर ठरतं. त्याची सगळ्यात खालची पायरी म्हणजे ‘बेसिक इंडस्ट्री’. गाडगीळांची पायरी तिथे ‘जेम्स, ज्वेलरी अँड वॉचेस’ अशी सापडेल. त्या पायरीवरच्या सगळ्या कंपन्यांची यादी काढ आणि अजून एकीवरही काट मारू नकोस.

आता त्या यादीकडे बघ. टायटन आहे, कल्याण ज्वेलर्स आहे, सेन्को गोल्ड आहे, मदुराईची थंगमयिल आहे. त्यांच्याच शेजारी बंगळुरूची राजेश एक्सपोर्ट्स आहे. तिची २०२३-२४ ची उलाढाल अडीच लाख कोटी रुपयांच्या पुढे होती आणि नफा जेमतेम काही शे कोटी. इतकी उलाढाल आणि इतका बारीक नफा दिसला की समजायचं, हा दुकानात दागिने विकण्याचा धंदा नव्हे. तिच्याकडे स्वित्झर्लंडची वालकांबी ही सोनं शुद्ध करणारी रिफायनरी आहे. धंदा मुख्यतः सोन्याच्या घाऊक उलाढालीचा आहे. याच यादीत स्काय गोल्ड आहे. ती दागिने घडवते आणि मोठ्या सराफांना पुरवते, म्हणजे ती गाडगीळांसारख्या पेढ्यांची स्पर्धक नाही, त्यांना माल पुरवणाऱ्यांपैकी आहे. मुंबईची गोल्डियम प्रामुख्याने अमेरिकेला हिऱ्यांचे दागिने निर्यात करते. माल एकच, पण गिऱ्हाईक वेगळं. वर्गीकरण हे चाळणीसारखं आहे. खडे निघतात, पण गहू कोणता आणि ज्वारी कोणती ते हातानेच निवडावं लागतं.

ती निवड करायला कागदपत्रं उघडायची. मी आधी माहितीपत्रकातलं ‘व्यवसाय’ हे प्रकरण वाचते आणि तीनच गोष्टी वहीत उतरवते: उत्पन्न कोणत्या प्रकारच्या विक्रीतून येतं, दुकानं कुठे आहेत, आणि ती कोणाच्या पैशांनी चालतात. बाजारात आली तेव्हा गाडगीळांची जवळजवळ सगळी दुकानं महाराष्ट्रात आणि गोव्यात होती, एक अमेरिकेत. विक्रीतही दुकानातली किरकोळ विक्री वेगळी, फ्रँचायझीला दिलेला माल वेगळा, ऑनलाइन वेगळी आणि रिफायनरीला विकलेलं सोनं वेगळं. यातल्या शेवटच्या प्रकारात नफ्याचं प्रमाण नगण्य असतं. तो वगळल्याशिवाय दुसऱ्या सराफाशी नफ्याची टक्केवारी ताडून बघू नकोस, नाहीतर चांगली पेढी उगाच दुबळी दिसेल. कल्याणच्या बाबतीत उलट बाजूने तपास. तिची बरीच नवी दुकानं फ्रँचायझीच्या भांडवलावर उघडली आहेत, त्यामुळे नफ्याची टक्केवारी आणि भांडवलावरचा परतावा दोन्ही आपल्याच पैशांवर चालणाऱ्या पेढीपेक्षा वेगळे दिसणार.

‘जोखीम’ या प्रकरणात स्पर्धेबद्दल एखादा परिच्छेद असतोच. बहुतेक जण ठराविक भाषा वापरतात, बाजार विखुरलेला आहे, स्पर्धा तीव्र आहे, वगैरे. ती सोड. एखाद्या पेढीने प्रतिस्पर्ध्याचं नाव, शहर किंवा मालाचा प्रकार लिहिला असेल तर तेवढीच ओळ ठळक कर.

मग येते कंपनीने स्वतः सांगितलेली तुलनेची यादी. माहितीपत्रकात ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’ हे प्रकरण असतं. सेबीच्या नियमाप्रमाणे तिथे समव्यवसायी नोंदणीकृत कंपन्यांशी तुलना द्यावीच लागते. गाडगीळांनी कल्याण, सेन्को आणि थंगमयिल अशी तीन नावं दिली. टायटन त्यात नाही. सेन्को २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या यादीत मात्र कल्याणबरोबर टायटन होती. दोन्ही याद्या नियमात बसतात. पण त्या शेअरची किंमत पटवून देणाऱ्या प्रकरणात आहेत, हे वाचताना विसरायचं नाही. म्हणून मी नेहमी दोन प्रश्न घालते. वर्गीकरणात आहे, धंदाही सारखा आहे, आणि तरी यादीत नाही असं कोण? आणि यादीतल्या एखाद्याच पेढीचं किंमत-उत्पन्न गुणोत्तर इतकं चढं आहे का, की सरासरी तिच्यामुळेच वर गेली? तसं असेल तर सरासरी सोड, मधला आकडा धर.

आकारही बघून घे. २०२३-२४ मध्ये गाडगीळांची उलाढाल सुमारे ६,१०० कोटी, सेन्कोची ५,२०० कोटींच्या आसपास, थंगमयिलची ३,८०० कोटींच्या, कल्याणची साधारण १८,५०० कोटी. टायटन तर पन्नास हजार कोटींच्या घरात. सेन्कोचा गड बंगाल, थंगमयिलचा तामिळनाडू, गाडगीळांचा महाराष्ट्र. एकेका प्रांतात पाय रोवलेल्या, जुन्या नावावर चालणाऱ्या पेढ्या म्हणून मूल्यांकनासाठी सेन्को सगळ्यात जवळची, त्यानंतर थंगमयिल, असं माझं मत आहे.

पण मूल्यांकनासाठी जवळची आणि गिऱ्हाईक पळवणारी या दोन गोष्टी एक नव्हेत. थंगमयिलने उद्या मदुराईत घडणावळ निम्मी केली तरी लक्ष्मी रोडवर कोणाला पत्ता लागणार नाही. पुण्यातलं गिऱ्हाईक जातं ते तनिष्कमध्ये, म्हणजे टायटनकडे, किंवा कल्याणकडे. नाहीतर रांका, चंदुकाका सराफ, मलबार किंवा पी. एन. गाडगीळ अँड सन्स यांच्याकडे. हे शेवटचं नाव सारखं वाटलं तरी कंपनी निराळी आहे, आकडे काढताना गल्लत करू नकोस. मी हे लिहितेय तोवर टायटन आणि कल्याण सोडून यातलं एकही नाव बाजाराच्या वर्गीकरणात सापडणार नाही, कारण तिथे फक्त नोंदणीकृत कंपन्या असतात.

यांच्यासाठी दुसरी वाट आहे. खासगी मर्यादित कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून ताळेबंद मिळतो. बँकेचं कर्ज असेल तर क्रिसिल, इक्रा किंवा केअरचं पतमानांकनाचं टिपण फुकट वाचायला मिळतं. त्यात दुकानांची संख्या, भाग आणि साठ्याची स्थिती बरेचदा दोन पानांत आलेली असते. भागीदारीतल्या पेढ्यांचे ताळेबंद मात्र तिथे मिळत नाहीत, त्यांच्यासाठी ही टिपणंच धुंडाळायची.

तेव्हा वहीत दोन रकाने पाड. एका रकान्यात मूल्यांकनाची तुलना: सेन्को, थंगमयिल, आणि आकारातला फरक नोंदवून कल्याण. दुसऱ्यात बाजारातली झुंज: टायटन, कल्याण आणि वरच्या बिगर-नोंदणीकृत पेढ्या. कल्याण दोन्हीकडे येते, येऊ दे. दरवर्षी वार्षिक अहवाल आला की दुकानांची यादी पुन्हा ताडून बघ. गाडगीळांची पेढी महाराष्ट्राबाहेर जितकी पसरेल, तितका दुसरा रकाना नव्याने लिहावा लागेल.