गोळी गरम पडली की ऊन लागलं?

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे. मुरमांसाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीन १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी तीन महिन्यांसाठी दिली आहे, शिवाय दोन मलमं. महिन्याभरात बराच फरक पडला. पण परवा केळीच्या गाडीबरोबर शेतातून मंडीपर्यंत मोटरसायकलवर गेलो, आणि संध्याकाळी नाक, मान व हातांच्या पाठी लालबुंद होऊन जळू लागल्या. आई म्हणते, गोळी गरम पडली, बंद कर. मलमं लावून भागणार नाही का?
– एक वाचक, बुऱ्हाणपूर

उत्तर : तुमच्या आईचा संशय गोळीवर आहे, आणि तो अर्धा बरोबर आहे. गोळीत उष्णता नसते. मात्र ती घेणाऱ्याच्या त्वचेत औषधाचा अंश पसरलेला असतो आणि तो सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो. त्यातून त्वचेच्या पेशींना इजा होते. एरवी तासाभराच्या उन्हाने जे झालं नसतं, ते मग होतं.

याची खूण तुमच्याच पत्रात आहे. नाक, मान, हातांच्या पाठी : गाडी चालवताना ऊन थेट लागतं त्याच जागा. शर्टाखाली काही नाही. औषधाची ॲलर्जी असती, तर पुरळ किंवा गांधी कपड्याखालीही उठल्या असत्या. केळीच्या बागेत दिवसभर सावली असते, म्हणून महिनाभर त्रास झाला नसावा. उघड्या रस्त्याने तो दाखवला.

मग गोळी रात्री घेतली तर? ही युक्ती बरेच जण करतात, पण औषध निम्मं व्हायलाच सुमारे १८ ते २२ तास लागतात, त्यामुळे दुपारीही ते अंगात असतंच. उलट, गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. गिळताना छातीत दुखू लागतं. त्यापेक्षा जेवणासोबत, पेलाभर पाण्याने घ्या आणि पुढे अर्धा तास आडवे होऊ नका. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्यांपासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

उन्हाचा इलाज उन्हापाशीच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मानेवर गमछा आणि एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, अतिनील ‘ए’ किरणही अडवणारं सनस्क्रीन. ते दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावं लागतं. हे कुणाला आवडत नाही. जीपची खिडकी पुरेशी नाही, हे किरण काचेतून बऱ्यापैकी आत येतात. सध्याची जळजळ थांबेपर्यंत ऊन टाळा, गार ओला कपडा ठेवा, चेहऱ्याची मलमं थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. फोड आले, तर पुढची गोळी त्यांना विचारूनच घ्या. रोज उन्हातच काम असेल तर तेही सांगा, ते औषध बदलू शकतात.

आता मलमांचं. मुरुमाची सुरुवात छिद्र बुजण्यापासून होते, ते बुजलं की आत जंतू वाढतात आणि सूज येते. गोळी जंतू आणि सूज आवरते, बुजलेलं छिद्र मात्र उघडत नाही. ते काम तुमच्या एका मलमातल्या ॲडापॅलीनचं. दुसऱ्या ट्यूबमधलं बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंना अशा रीतीने मारतं की त्याला ते सरावत नाहीत. गोळीला मात्र सरावू शकतात. म्हणून गोळी एकटी देत नाहीत आणि साधारण तीन महिन्यांनी ती थांबवून मलमं पुढे चालू ठेवतात. तुमच्यासारख्या मध्यम प्रकारात मलमांवरही काहींचं भागतं, पण सुजलेल्या गाठी बऱ्याच असतील तर वेळ फार लागतो आणि तोवर खड्डे राहू शकतात. महिन्यातच गोळी सोडली, तर तयार होत आलेले मुरूम पुन्हा वर येतात.

मलमं पातळ थरात, सगळ्या चेहऱ्यावर लावा, नुसत्या मुरमावर टिपके देऊ नका. ॲडापॅलीन रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, सुरुवातीला एक रात्र आड. पहिले काही आठवडे ओठांच्या कडेला, नाकाच्या घडीत कोरडेपणा आणि साल निघणं होतं. ते उन्हाच्या भाजण्यापेक्षा वेगळं आहे, मॉइश्चरायझरने आवरतं. मेडिकलवाला ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून देतो ते मिश्रमलम मात्र लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. चेहरा चार दिवस उजळ दिसतो, मग मुरूम जोराने येतात.

एक लक्षण थांबून पाहण्यासारखं नाही : तीव्र डोकेदुखी आणि धूसर किंवा दुहेरी दिसणं. तेव्हा गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि चेहऱ्याला पांढराच टॉवेल ठेवा. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत कापडाचा रंग उडवतं, उशीच्या अभ्र्याचाही.