बालपणीची उधारीची वही आणि प्रौढपणीचे अर्थव्यवहार

पैशाविषयी आपण जे मानतो, त्यातील बराचसा भाग कोणी आपल्याला शिकवलेला नसतो. तो घरातील प्रसंगांतून नकळत मनात उतरतो. ब्रॅड क्लॉन्ट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा धारणांचे चार गट मांडले : पैसा टाळणे, पैशाला सर्वस्व मानणे, पैशावरून प्रतिष्ठा मोजणे आणि पैशाबाबत अतिदक्ष असणे. येथे आपण शेवटच्या गटाचाच विचार करू.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मुलाला दर महिन्याला उधारीची वही घेऊन वाण्याकडे पाठवले जाई. दुकानदार चार गिऱ्हाइकांसमोर मागील बाकी मोठ्याने वाचून दाखवी. ‘ऋण काढून सण करू नये’ ही म्हण त्याने घरी ऐकली होती. पण तिचा अर्थ त्याला कळला तो त्या दुकानाच्या पायरीवर. कर्ज म्हणजे अपमान, हे समीकरण तेथे पक्के झाले.

हाच मुलगा पुढे नोकरदार झाला. त्याच्यावर साडेआठ टक्के व्याजाचे गृहकर्ज होते. हाती दीड लाख रुपये शिल्लक पडताच त्याने ते सगळे कर्जखात्यात भरले आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागली. तीन महिन्यांनी आईच्या शस्त्रक्रियेसाठी लाखभर रुपये लागले. खाते रिकामे होते. चौदा टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढावे लागले. ढोबळ हिशेबाने, लाखामागे वर्षाला ८,५०० रुपये व्याज वाचवण्यासाठी त्याने १४,००० रुपये व्याज ओढवून घेतले. कर्ज टाळण्याच्या धडपडीतून अधिक महाग कर्ज गळ्यात पडले. पन्नास हजार भरून लाख रुपये हाताशी ठेवले असते तर हे टळले असते.

त्याची धारणा मूर्खपणाची होती काय? मुळीच नाही. बेभरवशाच्या मिळकतीच्या त्या घरात ती अगदी योग्य होती. परिस्थिती बदलली, धारणा मात्र तीच राहिली. अशी धारणा ओळखण्याची एक खूण आहे : आकडेमोड होण्यापूर्वीच उत्तर तयार असते आणि निर्णयानंतर नफ्यापेक्षा सुटकेची भावना मोठी असते.

तथापि, धारणेवरून एखाद्याच्या वर्तनाचे खात्रीशीर भाकीत करता येत नाही. त्याच घरातील धाकटा भाऊ तोच अपमान पुसण्यासाठी सढळ हाताने, प्रसंगी हप्त्यांवरही, खरेदी करू शकतो. शिवाय, ज्याला महिनाअखेर गाठणेच कठीण आहे, त्याच्या बचत न करण्यामागे बालपणीच्या धारणा शोधत बसणे हा अन्यायच होय. तेथे उणीव मिळकतीची असते.

स्वयं-अध्ययन : आपल्या घरी पैशाविषयी वारंवार उच्चारले जाणारे एक वाक्य लिहा. ते कोणत्या प्रसंगातून आले असावे? गेल्या वर्षभरातील आपला कोणता खर्च वा कोणती बचत त्या वाक्याने ठरवली?