हाताने शिवलेल्या गोधडीची किंमत कशी काढाल?

समजा तुमच्या आईने बाळाची छोटी गोधडी शिवली. "कापडाला २०० लागले, ३०० ला देऊन टाकू," असं ती म्हणते. १०० रुपये नफा झाला असं वाटतं ना? पण शिवायला ८ तास लागले. म्हणजे हा नफा नव्हे, तासाला साडेबारा रुपये मजुरी झाली!

चला, हिशेब नीट मांडू.

कापड, अस्तर, दोरा : २०० रुपये.
मजुरी : तासाला ६० प्रमाणे ८ तासांचे ४८० रुपये.
वरखर्च : वीज, सुया, जाण्या-येण्याचं भाडं मिळून महिन्याला ८०० रुपये. महिन्यात २० गोधड्या होतात, म्हणून एकीवर ४० रुपये.

एकूण खर्च ७२० रुपये. त्यावर २० टक्के नफा १४४ रुपये. किंमत झाली ८६४ रुपये. मजुरी घरात खर्च होते. नफ्यातून पुढचं कापड येतं आणि पडून राहिलेल्या मालाचा तोटा भरून निघतो. म्हणून दोन्ही वेगळे लिहायचे.

प्रदर्शनवाले १० टक्के कमिशन घेत असतील तर ८६४ मध्ये १० टक्के मिळवू नका. कमिशन विक्रीच्या किमतीवर कापतात. म्हणून ८६४ ला ०.९ ने भागा. उत्तर ९६० रुपये. त्यातले ९६ गेले की हातात बरोबर ८६४ उरतात.

गिऱ्हाईक "महाग आहे" म्हणालं तर मजुरीचा दर पाडू नका. टाक्यांच्या ओळींतलं अंतर थोडं वाढवून गोधडी ६ तासांत बसवा. आता घरून विकायची किंमत किती होईल? वहीत काढून पाहा. (उत्तर : ७२० रुपये)