पहिल्या दोन ओळी

चि. सई,

तुझी कुत्र्यांच्या लसींची आणि आहाराची पुस्तिका वाचली. आतला मजकूर बरोबर आहे. मला बोलायचं आहे ते तिच्या मेटाडेटाबद्दल, म्हणजे शीर्षक, दोन ओळींचं वर्णन आणि तारीख. पुस्तिका शोधणाऱ्याला आधी एवढंच दिसतं आणि पुष्कळ जण तेवढंच वाचून थांबतात.

तू वर्णनात लिहिलंयस, ‘पिल्लाला 45 दिवसांनी लस द्या, मग बूस्टर.’ माझ्या दवाखान्यात एक पिल्लू आलं होतं, अकरा आठवड्यांचं. दोन इंजेक्शनं झाली म्हणजे लसीकरण संपलं, असं समजून घरच्यांनी त्याला बागेत फिरवलं. आणलं तेव्हा उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब चालू होते. पार्व्हो. तीन दिवस सलाईन लावूनही ते वाचलं नाही.

आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं, तेच सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करतं. ते कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरू केलेली लस दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी उरकायचा नाही. रेबीजची लस वेगळी, साधारण तीन महिन्यांनंतर. तेव्हा ‘मग बूस्टर’ हे शब्द काढ.

आहाराचंही तसंच. ‘दिवसातून तीन वेळा’ हे दोन ते सहा महिन्यांच्या पिल्लासाठी ठीक, मोठ्या कुत्र्याला दोनदा पुरतं. वय लिहिलं नाहीस, तर कुणीतरी आठ वर्षांच्या लॅब्रेडॉरला तीनदा वाढेल. म्हणून वय शीर्षकातच घाल.

‘पशुवैद्यकांचा सल्ला घ्या’ हे तू शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात दिलंयस. तिथे ते कुणी वाचत नाही. शिवाय कशासाठी जायचं आणि केव्हा धावायचं, हे त्यातून कळतही नाही. मी वर्णन असं केलं असतं:

‘6 आठवडे ते 1 वर्ष वयाच्या पिल्लांच्या लसी आणि आहार. लसींच्या तारखा व खाण्याचं प्रमाण पिल्लाला तपासून पशुवैद्यक ठरवतील. वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब झाले किंवा खाणं सुटलं तर लगेच दवाखान्यात न्या.’

राहिली तारीख. नुसती वेलांटी सुधारलीस तरी संगणक फाइलला आजची तारीख लावतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, लसींची माहितीही ताजी आहे. म्हणून पशुवैद्यकांनी मजकूर कधी तपासला, ती तारीख वेगळी लिही.

नवं वर्णन आधी मला पाठव, मग छाप.

तुझी,
मावशी