सालगड्याचं बोलणं इंग्रजीत नेताना



ग्रामीण कथेत निवेदन बहुतेक वेळा प्रमाण मराठीत असतं आणि पात्रं बोलीत बोलतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी अशी कथा इंग्रजीत करायला बसलं की निवेदन जमून जातं. गाडी अडते ती संवादावर. बोलणारा कोण, समोरचा कोण, कुणाचं कुणापुढे चालतं, हे सगळं मराठीत त्या संवादातूनच कळत असतं.

सरावासाठी मी एक छोटा प्रसंग लिहिला आहे. बोली आपल्या सोयगावकडची, अजिंठ्याच्या डोंगराखालची. कारभार संभाजीनगरचा, पण बोलणं खानदेशाकडे झुकलेलं. शाळेची 'शाया' होते, पाण्याचं 'पानी' आणि मलाचं 'मले'.

फाल्गुन महिना आहे. किसन हा पन्नाशीचा सालगडी तिशीतल्या मालकापुढे उभा आहे.

"आप्पा, औंदा उचल जरा लवकर भेटली त बरं व्हईन. मोठ्या पोरीचं लगन धरेल हाय."

"पाहू रे किसन. तू आधी खालच्या वावरातल्या पऱ्हाट्या उपटून घे."

आता पहिलं भाषांतर पाहा, शब्दकोशातून निघतं तसं : "आप्पा, कॅन आय हॅव माय अॅडव्हान्स अर्ली धिस इयर? माय एल्डर डॉटर इज गेटिंग मॅरीड." व्याकरणात चूक नाही, पण माणूस बदलला. हा बँकेतला कारकून झाला, साहेबाकडे हक्काचे पैसे मागतोय.

मग मोह होतो तो दुसरीकडे जायचा. बोली आहे ना, मग इंग्रजीही मोडकी करू. 'गिव्ह मी'चं 'गिम्मी', 'इज नॉट'चं 'एन्ट'. हे तर जास्त बिघडतं. अशी इंग्रजी लंडनच्या किंवा अमेरिकेच्या ठरावीक लोकांची आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे तेच लोक येतात, आणि ते आपल्याकडच्या वावरात उभे! शिवाय मराठीत किसन हास्यास्पद अजिबात नाही. मोडक्या स्पेलिंगात तो विनोदी होतो.

इथे कुणी म्हणेल, पुलंनी 'ती फुलराणी'त काय केलं? शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या लंडनच्या फुलवालीला त्यांनी मराठी बोली दिलीच की. दिली, पण सगळं नाटकच इकडे आणलं. एलायझाची मंजुळा झाली, गाव बदललं, माणसं बदलली, म्हणून ती बोली तिच्या तोंडी शोभली. आपण मात्र किसनला सोयगावातच ठेवणार आहोत. त्यामुळे तो मार्ग आपल्याला बंद.

मग काय करायचं? किसनचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात 'मी' नाही आणि 'तुम्ही'ही नाही. 'द्या' हे क्रियापदसुद्धा नाही. उचल आपोआप 'भेटते', आणि भेटली तर 'बरं होईल', एवढंच. मागणारा आणि देणारा दोघंही वाक्यातून गायब आहेत. मालकापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. त्याची सामाजिक पायरी 'भेटली त'मधल्या 'त'पेक्षा या वाक्यरचनेत जास्त आहे, आणि रचना इंग्रजीत नेता येते : "आप्पा, इफ द अॅडव्हान्स केम अ लिटल अर्ली धिस इयर, इट वुड बी गुड. द एल्डर गर्ल्स वेडिंग इज फिक्स्ड." इंग्रजी शुद्ध आहे, तरी माणूस हात जोडून उभा आहे हे कळतं.

मालकाच्या उत्तरात अडचण वेगळी. पन्नाशीच्या माणसाला तो 'तू' म्हणतो, वर 'रे' लावतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', आणि 'रे'ला तर काहीच नाही. म्हणून फरक हाकेत ठेवायचा. वयाने मोठा असून किसन दरवेळी 'आप्पा' म्हणतो, मालक मात्र नुसतं 'किसन'. 'आप्पा' तसंच राहू द्या, त्याचं 'सर' करू नका, नाहीतर वाड्याचं ऑफिस होतं. मालकाचं वाक्यही तोडून टाका : "वी विल सी, किसन. फर्स्ट पुल द कॉटन स्टॉक्स इन द लोअर फील्ड." 'प्लीज' घातलं की सगळं गेलं.

'उचल' हा शब्दही नीट बघायला हवा. सालगड्याचं साल कुठे पाडव्याला ठरतं, खानदेशाकडे आखाजीला. फाल्गुनात उचल मागणं म्हणजे पुढचं सालही याच घरी राहीन, असं आधीच कबूल करणं. लग्नासाठी किसन एक वर्ष गहाण टाकतोय. मराठी वाचकाला हे सांगावं लागत नाही. नुसत्या 'अॅडव्हान्स'मधून इंग्रजी वाचकाला ते कळणार नाही, आणि 'लोन' म्हटलं तर अर्थच चुकतो. तळटीप देण्यापेक्षा निवेदनात अर्धं वाक्य वाढवावं : "द मनी वुड टाय हिम टु द हाउस फॉर अनदर इयर." निवेदकाला असं सांगण्याचा हक्क आहे. किसनच्या तोंडी ते घातलं तर खोटं वाटेल, कारण ते दोघांनाही माहीत आहे.

संध्याकाळी घरी बायको विचारते तेव्हा हाच किसन कसा बोलतो बघा : "मी मांगतली. तो लगेच देनार नई. तू गप ऱ्हाय." इथे 'मी' आला आणि मालकाचा 'तो' झाला. इंग्रजीत 'ही' लिहिलं तर आदर आहे की नाही हेच कळत नाही. मी इथे 'दॅट वन' वापरेन : "आय आस्क्ड. दॅट वन वोन्ट गिव्ह इट सून. यू कीप क्वाएट." शाळेत गुरुजींपुढे तोच किसन सावरून म्हणतो, "धाकटीला पाठवतो गुरुजी, नाव कमी करू नका." इथे 'धाकटीले' नाही, 'धाकटीला' आहे. आपल्यापुढे पालक असेच बोलतात, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. त्याच्या इंग्रजीलाही जरा इस्त्री हवी : "आय शॅल सेंड द यंगर वन, गुरुजी. काइंडली डू नॉट स्ट्राइक ऑफ हर नेम." एका माणसाच्या तीन इंग्रजी झाल्या तर वाचक त्याची पायरी ओळखतो, एकाही शब्दाचं स्पेलिंग न मोडता.

काही गोष्टी मात्र हातातून निसटतात. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह जेरी पिंटो यांनी इंग्रजीत आणला (2018). नाव आहे 'व्हेन आय हिड माय कास्ट'. 'अंग चोरणे' म्हणतो तसंच हे चोरणे, म्हणजे लपवणे, तेव्हा 'हिड' बरोबरच आहे. 'स्टोल' केलं असतं तर दुसऱ्याची जात पळवली असा अर्थ झाला असता. पण मराठी शब्दात चोरीचा जो ठपका आहे, जणू स्वतःची ओळख झाकणं हाच गुन्हा, तो 'हिड'मध्ये नाही. आपल्या 'शाया'तल्या 'य'चंही तेच. तो इंग्रजीत येत नाही, आणायला जाऊही नये.

भाषांतर साधलं की नाही हे तपासायला मी पात्रांची नावं झाकते आणि 'आप्पा', 'गुरुजी' या हाकाही खोडते. मग प्रसंग माहीत नसलेल्या कुणालातरी फक्त इंग्रजी वाक्यं वाचायला देते. यातला कुणाच्या घरी कामाला आहे आणि कोण घरात बसून बोलतोय, एवढंच विचारायचं. पहिल्या भाषांतरात ते सांगता येत नाही, नंतरच्यात येतं.

आता बायकोचं वाक्य तुमच्यासाठी ठेवते : "मांगा की आजून येकडाव! तोंड शिवेल हाय का तुमचं?" ती नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते, नाव घेत नाही, आणि तरी झापते. आदर आणि झापणं, दोन्ही एका वाक्यात बसवून बघा.