प्रकृतवर्ण आणि गोरेपणाची क्रीम

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात कृष्ण, श्याम, श्यामावदात व अवदात असे चार प्रकृतवर्ण सांगितले आहेत. शुक्लवर्ण मात्र विकृतवर्णांत गणला आहे. म्हणजे सावळेपणा हा व्याधी नव्हे. प्रकृतवर्णात पडलेला फरक हेच चिकित्सेचे क्षेत्र होय.

बारामती-इंदापूर भागात शेतात राबणाऱ्या रुग्णाचा चेहरा काळवंडला असता आम्ही प्रथम त्याच्या दंडाची आतील, ऊन न लागलेली त्वचा पाहतो. चेहरा साधारणपणे त्या वर्णाच्या जवळ येणे, डाग नसणे व त्वचा स्निग्ध असणे, हीच आमच्या मते निरोगी कांती. त्याहून उजळ वर्णाचे आश्वासन वैद्याने देऊ नये.

अशा आश्वासनाचा परिणाम 2023 मध्ये अकोल्याच्या प्रकरणातून दिसला. एकाच घरातील आई व दोन मुलींनी स्थानिक ब्युटिशियनकडील क्रीम वापरली. तिघींनाही वृक्कविकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला असता क्रीममध्ये पारा अतिप्रमाणात आढळला. पारा त्वचेतील रंजकद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून वर्ण उजळतो; परंतु तोच त्वचेतून शोषला जाऊन वृक्कांना इजा करतो.

म्हणून चेहऱ्यावर वा पायांवर सूज, फेसाळ मूत्र अशी लक्षणे दिसताच रुग्णास क्रीमविषयी विचारावे, ती थांबवावी, मूत्रातील प्रथिने तपासावीत व वृक्कतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी निर्माता, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये न छापलेली डबी दुकानात ठेवू नये.