खारट आमटीत बटाटा टाकणाऱ्यांनो

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. त्यामुळे सत्यनारायणाच्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं तरी ते पानावरच कळतं. आमच्याकडे तेच झालं. मी मीठ घालून पूजेला बसले. मागून वन्संनी, कोणालाही न विचारता, पुन्हा तेवढंच घातलं. पहिल्या पंगतीत मामंजींनी एक भुरका घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. वन्सं मात्र सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनीचा हात जरा जडच आहे." ते मला अजून सलतं.

वर उपायही त्यांचाच. चार बटाटे सोलून आमटीत टाकले आणि ते शिजेपर्यंत दुसरी पंगत ताटकळली. बटाटे खारट झाले, आमटी होती तशीच राहिली. बटाटा मीठ वेचून घेत नाही. तो खारट पाणीच शोषतो, म्हणून उरलेल्या पाण्याचा खारटपणा कमी होत नाही. मग त्या लिंबू पिळायला निघाल्या, तेव्हा मी पातेलंच उचललं. चिंचेच्या आमटीत आणखी आंबट कशाला?

पडलेलं मीठ परत निघत नाही, ते जास्त डाळीत वाटून टाकावं लागतं. मीठ दुप्पट झालं असेल तर जेवढी आमटी, तेवढीच बिनमिठाची डाळ हवी. मी निम्मी आमटी काढून ठेवली. शेजारच्या शेगडीवर मूगडाळ शिजत घातली, कारण तुरीपेक्षा ती लवकर शिजते. ती घोटून, काढलेल्या आमटीइतकी होईल एवढं गरम पाणी घालून पातेल्यात ओतली. नुसतं पाणी घातलं असतं तर आमटी पांचट झाली असती. चव अर्धी झालेली असते, म्हणून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची नवी फोडणी दिली, थोडा गूळ आणि चिंचेचा कोळ घातला. गोडा मसाला घालताना जपा, काही घरांत त्यातही मीठ असतं. आमसूल नकोच, ते बहुधा मिठातलं असतं. काढून ठेवलेल्या आमटीत दुसऱ्या दिवशी थालीपिठाचं पीठ भिजवलं, वेगळं मीठ न घालता.

आंबट झालं तर आधी गूळ. त्यानेही भागलं नाही तर चिमटीच्या टोकावर येईल एवढाच खाण्याचा सोडा. फेस येतो, आंबटपणा खरोखर मरतो, पण जास्त पडला तर साबणासारखी चव येते. तिखट रश्शाला पाण्यापेक्षा नारळाचं दूध बरं, कारण मिरचीचा तिखटपणा स्निग्धात विरघळतो. दही घालायचं तर घुसळून, आच मंद करून घाला, नाहीतर फुटतं.

आणि दुसऱ्याच्या पातेल्यात मीठ घालायचंच असेल, तर आधी विचारा.